तीन रिकाम्या जागांचं वाक्य

कोणताही धंदा सुरू करण्याआधी एक वाक्य लिहावं लागतं. त्यात तीन रिकाम्या जागा असतात: माल कोणासाठी आहे, त्याची अडचण काय आहे, आणि तो आज जे करतोय त्यापेक्षा आपलं चांगलं कसं. धंद्याच्या भाषेत याला व्हॅल्यू प्रपोझिशन म्हणतात. ऐकायला शाळेतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’सारखं वाटतं ना? पण मन लावून या जागा भरायला बसलात, तर एक नवल घडतं. तिसरी जागा भरली की पहिली चुकलेली दिसते. पहिली दुरुस्त केली की दुसरी बदलते. आणि सगळं जुळेपर्यंत कधीकधी विकायची वस्तूच वेगळी झालेली असते!

ही कल्पना तशी तरुण आहे. मायकेल लॅनिंग आणि एडवर्ड मायकेल्स या मॅकिन्झी कंपनीतल्या दोघांनी 1988 साली एका टिपणात ती नीट मांडली. कंपनी म्हणजे वस्तू बनवणारा कारखाना नाही, तर ठरावीक गिऱ्हाइकाला ठरावीक फायदा पोचवणारी व्यवस्था आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मग 1991 साली जेफ्री मूर यांनी ‘क्रॉसिंग द कॅझम’ या पुस्तकात वाक्याचा साचाच देऊन टाकला: अमुक गिऱ्हाइकासाठी, ज्याची अमुक गरज आहे, आमची वस्तू अमुक प्रकारची आहे आणि ती अमुक फायदा देते, आज जो पर्याय वापरला जातो त्यापेक्षा ती अमुक बाबतीत वेगळी आहे. मूर यांच्यासमोर कॅलिफोर्नियातल्या संगणक कंपन्या होत्या. आपण मात्र हा साचा घेऊन थेट देवळ्याला जाऊ, कारण तिथल्या कांद्याच्या चाळीत तो जसा उलगडतो तसा क्वचितच कुठे उलगडेल.

देवळा म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यातला तालुका. महामार्गावरचं उमराण्याचं कांदा मार्केट याच तालुक्यातलं. इथे उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो. काही लगेच विकला जातो आणि बाकीचा चाळीत जातो. चांगली चाळ जमिनीपासून दोनेक फूट उंच असते, बाजूंना फटी असतात, म्हणजे वारा खालून आणि आडवा असा दोन्हीकडून खेळतो. आत चार-पाच फूट उंचीचा थर लावतात. हा कांदा पावसाळा काढून ऑक्टोबरपर्यंत, कधी त्याही पुढे टिकवायचा असतो.

आणि इथे पहिलं आश्चर्य भेटतं. चाळीतला कांदा मेलेला नसतो, तो श्वास घेत असतो! श्वासाबरोबर थोडं पाणी उडतं, थोडी ऊब तयार होते. त्यामुळे माल तीन वाटांनी कमी होतो. सुकून वजनात घट येते, कोंब फुटतात, आणि सड लागते. सडीचं मूळ बहुतेक वेळा बुरशीत किंवा जिवाणूंत असतं, आणि पावसाळ्यातली दमट हवा त्यांना फार मानवते. एक कांदा पाझरला की शेजारचे ओले होतात. हे सगळं थराच्या पोटात चालतं, बाहेरून चाळ अगदी शहाण्यासारखी उभी असते. चार-पाच महिन्यांत भरलेल्या मालातला चौथा हिस्सा, कधी त्याहून बराच जास्त, असा नाहीसा होतो.

सडणारा कांदा मात्र चहाडी करतो. त्यातून गंधकयुक्त आणि इतर वायू बाहेर पडतात. मग नाकाला कळण्याआधी ते यंत्राला कळवता येतील का? नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न खरोखर हाती घेतला गेला. लासलगावच्या कल्याणी शिंदे यांच्या ‘गोदाम इनोव्हेशन्स’ या कंपनीने साठवलेल्या कांद्यातलं तापमान, आर्द्रता आणि वायू टिपून मोबाईलवर इशारा देणारी यंत्रणा उभी केली. आता समजा, तुम्ही देवळ्यात राहता आणि अशाच जातीचं एखादं यंत्र विकायला निघालाय. त्याचं वाक्य कसं लिहाल? पुढची वाक्यं आणि हिशेब त्या कंपनीचे नाहीत, आपल्या सरावासाठी आपणच मांडलेले आहेत.

बहुतेकांचं पहिलं वाक्य असं उतरतं:

‘आमचं अत्याधुनिक स्मार्ट यंत्र शेतकऱ्यांचं नुकसान टाळून त्यांना जास्त नफा मिळवून देतं.’

वाक्य गोड आहे. आता यातला ‘यंत्र’ हा शब्द काढून ‘खत’ घाला. मग ‘ठिबक’ घाला. मग ‘बियाणं’ घाला. वाक्याला काही फरक पडला? नाही! दुसऱ्या कोणाच्याही मालाचं नाव घातलं तरी जे वाक्य चालतं, ते आपल्या मालाबद्दल काहीच सांगत नाही. ही परीक्षा अर्ध्या मिनिटात होते आणि ती जवळजवळ प्रत्येक पहिल्या मसुद्याला नापास करते.

चला, पहिल्या जागेपासून सुरुवात करू. ‘शेतकरी’ हे गिऱ्हाईक होऊ शकतं का? देवळ्यातल्या कांदा उत्पादकांकडे जरा बारकाईने पाहा. एकाला पैशांची निकड असते, तो एप्रिलमध्ये काढणी झाली की ट्रॅक्टर भरून सरळ मार्केटला नेतो. त्याच्याकडे चाळच नाही. दुसरा घराशेजारच्या छोट्या चाळीत 50 क्विंटल ठेवतो आणि येता-जाता त्यावर नजर टाकतो. तिसऱ्याची 25 टनांची चाळ मळ्यात आहे आणि तो राहतो गावात. चौथ्याच्या चार चाळी दोन गावांत विखुरल्या आहेत. चौघेही शेतकरी, चौघांचाही कांदा उन्हाळ, कदाचित जमीनही सारखीच. पण पहिल्याला आपलं यंत्र फुकट दिलं तरी त्याचा उपयोग नाही!

म्हणजे गिऱ्हाईक ठरवताना एकर, वय, शिक्षण यांपेक्षा माणूस करतो काय, हे जास्त बोलकं असतं. तो माल किती ठेवतो, किती महिने ठेवतो, चाळीपासून किती लांब राहतो? ही जागा नीट भरली की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे. उमराण्याच्या मार्केटमध्ये ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना, तीन प्रश्न विचारून आपलं गिऱ्हाईक वेगळं काढता आलं पाहिजे. कांदा शेतातला आहे की चाळीतला? चाळ किती टनांची? ती फोडायची केव्हा, हे कशावरून ठरवलं? या तीन उत्तरांतून माणूस ओळखता येत नसेल, तर आपली पहिली जागा अजून धूसर आहे.

आता दुसरी जागा, अडचणीची. ‘कांदा सडतो’ हीच तर अडचण, असं आपण चटकन म्हणू. पण जरा थांबा. कांदा सडतो हे त्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षं माहीत आहे. काही घट येणार, हे त्याने भरतानाच धरलेलं असतं. मग त्याला नेमकं काय डाचतं? अशा वेळी ‘तुम्हाला सडीचा इशारा मिळाला तर आवडेल का?’ असं विचारू नये. त्याला ‘हो’ म्हणायला काही पैसे पडत नाहीत. विचारावं ते घडून गेलेल्या गोष्टीबद्दल: गेल्या वर्षी चाळ कोणत्या महिन्यात फोडली? त्याच आठवड्यात का? फोडली तेव्हा आत काय दिसलं?

उत्तरांत एक वेगळीच गोष्ट वर येते. वास बाहेर आला, चिलटं दिसली, फटीतून पाणी पाझरलं, तेव्हा धावपळ करून चाळ फोडली. मजूर मिळतील त्या दराने लावले. चांगला, गोलटी, खाद अशी निवड घाईत झाली, आणि त्या दिवशी मार्केटला जो भाव होता त्याच भावात माल गेला. म्हणजे अडचण नुसती सडीची नव्हती. सड कळायला उशीर झाला, आणि त्या उशिराने विकण्याची वेळ निवडायची मोकळीक हिरावून घेतली! बघा, एकच पायरी खाली उतरलो आणि दुखण्याची जागाच बदलली. ‘सड थांबवा’ असं म्हणणारा औषध शोधत बसेल. ‘सड लवकर कळू द्या’ असं म्हणणारा सेन्सर बसवेल. वस्तू कोणती बनवायची, हे या दुसऱ्या जागेने ठरवलं.

तिसऱ्या जागेकडे आलो की खरी गंमत सुरू होते. ‘यापेक्षा चांगलं’ असं म्हणायचं, पण कशापेक्षा? नवा उद्योजक इथे दुसऱ्या सेन्सर कंपन्यांची यादी काढतो. पण देवळ्यातल्या त्या शेतकऱ्याने एकही सेन्सर पाहिलेला नाही. त्याच्या दृष्टीने आपला प्रतिस्पर्धी आहे त्याचं स्वतःचं नाक. आणि हे नाक फुकट आहे, त्याला चार्जिंग लागत नाही, मोबाईलची रेंज लागत नाही, आणि ते पिढ्यांच्या अनुभवाने तयार झालेलं आहे. फार तगडा प्रतिस्पर्धी!

नाकाच्या मागे आणखीही काही उभे आहेत. लवकर विकून मोकळं होणं हा एक पर्याय: ठेवलंच नाही तर सडेल काय? चाळीची उंची, फटी आणि वारा सुधारणं हा दुसरा. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे. तिथे कांद्याला किरणांची अगदी हलकी मात्रा देतात, त्यामुळे त्याचं कोंब फुटणं थांबतं. पण बुरशीची सड त्या मात्रेने थांबत नाही. म्हणजे कोंबांच्या अडचणीसाठी तो पर्याय आपल्यापेक्षा सरस आहे आणि आपल्या वाक्यात कोंबांचं नावही येता कामा नये. दुसऱ्याचं बळ ओळखलं की आपल्या वाक्यातले शब्द आपोआप गळतात.

मग नाकापेक्षा यंत्र चांगलं कुठे? नाक थराच्या बाहेर असतं, सेन्सर आत ठेवता येतो. नाक शेतकऱ्याबरोबर गावात झोपतं, सेन्सर रात्रभर चाळीत असतो. आणि चाळीच्या प्रत्येक कप्प्यात वेगळा सेन्सर असेल, तर कोणता कप्पा बिघडला हे सांगता येतं. नाकाला एवढंच कळतं की वास येतोय. हा शेवटचा फरक मोठा आहे, कारण त्यामुळे सगळी चाळ न फोडता एकच कप्पा उघडता येतो.

आता हा फरक पैशात मांडू. हिशेबासाठी काही आकडे धरू या. प्रत्यक्षात प्रत्येकाने आपल्या चाळीचे घालावेत. 25 टनांची चाळ म्हणजे 250 क्विंटल. समजा हंगामात 80 क्विंटल कमी झाला: 40 सुकण्यात, 10 कोंबांत आणि 30 सडीत. यंत्राचा संबंध फक्त त्या 30 क्विंटलशी. सुकण्यावर त्याचा काही इलाज नाही. इशारा मिळाल्यावर कप्पा उघडून सडीतला एक तृतीयांश माल वाचला असं धरलं, तर वाचले 10 क्विंटल. क्विंटलला 1500 रुपये भाव धरला तर 15,000 रुपये. यातून कप्पा उघडायची मजुरी वजा जाईल. भाव 800 रुपयांवर आला तर तेच 10 क्विंटल 8,000 रुपयांचे होतात.

‘80 क्विंटलचं नुकसान टाळा’ असं जाहिरातीत म्हणावंसं वाटतं, पण हाती लागतात ते 10. हे कळल्यावर मन खट्टू होईल कदाचित. पण इथेच या वाक्याची सर्वांत सुंदर करामत दिसते. हाच हिशेब घराशेजारच्या 50 क्विंटलच्या छोट्या चाळीला लावा. वाचतील 2 क्विंटल, म्हणजे 3,000 रुपये. शिवाय तो शेतकरी रोज चाळीपाशी असतो, त्याचं नाक आपल्या यंत्राच्या जवळपास पोचतं. म्हणजे तो आपलं गिऱ्हाईकच नाही! तिसऱ्या जागेतल्या आकड्याने उलटं जाऊन पहिल्या जागेतलं नाव खोडलं. बाजेची दोरी एका कोपऱ्यात ओढली की सगळी वीण सरकते, तसं हे वाक्य आहे. म्हणून ते वरून खाली एकदा लिहून संपत नाही. ते फिरून फिरून लिहावं लागतं.

आता आपलं वाक्य पाहा:

‘ज्या शेतकऱ्यांची 25 टन किंवा त्याहून मोठी चाळ घरापासून लांब आहे आणि जे उन्हाळ कांदा पावसाळाभर ठेवतात, त्यांना आतली सड वास बाहेर येईपर्यंत कळत नाही. त्यांच्यासाठी हे चाळीत बसणारं इशारा-यंत्र आहे. सड कोणत्या कप्प्यात सुरू झाली हे ते मोबाईलवर कळवतं. नाकाच्या अंदाजावर सगळी चाळ घाईने फोडण्याऐवजी तेवढाच कप्पा उघडता येतो आणि बाकीचा माल भावाची वाट पाहू शकतो.’

यात आता ‘खत’ घालून पाहा. चालत नाही! ‘अत्याधुनिक’ नाही, ‘स्मार्ट’ नाही, तरी पहिल्यापेक्षा किती ताकद आहे. आणि यंत्राबद्दल एक अट आपल्याच नकळत या वाक्याने घातली: प्रत्येक कप्प्यात वेगळा सेन्सर हवा. एका चाळीला एकच सेन्सर लावून खर्च वाचवला, तर ‘कोणता कप्पा’ हे शब्द खोटे पडतील. विक्रीसाठी लिहिलेलं वाक्य यंत्राचा आराखडा ठरवू लागलं.

आता गिऱ्हाईक मुद्दाम बदलून पाहू. दहा चाळी सांभाळणारी एखादी शेतकरी उत्पादक कंपनी घ्या. तिला इशाऱ्याचा रोजचा आवाज नकोय. तिचा सकाळचा प्रश्न वेगळा आहे: आज ट्रक भरायचा, तर कोणती चाळ आधी फोडू? तिच्यासाठी मोबाईलवर घंटा वाजवण्यापेक्षा दहा चाळींची क्रमवार यादी कामाची. पुढे जा. नाफेड भाव आटोक्यात ठेवण्यासाठीचा राखीव कांदा नाशिक जिल्ह्यात खरेदी करून साठवते. अशा मोठ्या साठ्याच्या मालकाचा प्रश्न असतो: लांबच्या गोदामांत कागदावर इतका माल आहे, पण विकण्याजोगा खरोखर किती उरलाय? त्याला ना घंटा हवी, ना यादी. त्याला विश्वासार्ह नोंद हवी. सेन्सर तेच, वायू तोच, कांदाही तोच. नाव बदललं आणि तीन निराळ्या वस्तू तयार झाल्या! तिघांना एकाच वाक्यात कोंबायचा मोह होतो, पण मग वाक्य पुन्हा ‘सर्वांसाठी उपयुक्त’ होतं आणि कोणालाच आपलं वाटत नाही.

वाक्य जुळलं, म्हणजे ते खरं ठरलं का? अजून नाही. त्यातली प्रत्येक जागा हा एक अंदाज आहे आणि प्रत्येक अंदाज वेगळ्या तऱ्हेने तपासता येतो. गिऱ्हाईक मार्केटच्या रांगेत तपासलं. अडचण गेल्या वर्षीच्या गोष्टीतून तपासली. ‘चांगलं’ हे मात्र चाळीतच तपासावं लागतं. एकाच शेतातला, एकाच जातीचा, एकाच आठवड्यात काढलेला कांदा दोन सारख्या चाळींत भरायचा. एकीत यंत्र, दुसरीत नेहमीचं नाक. भरताना वजन, फोडताना वजन, आणि सडका माल वेगळा तोलायचा. सुकलेला आणि सडलेला माल एकाच आकड्यात मिसळला तर यंत्राचा गुण कधीच कळणार नाही. आणि एका हंगामाने हुरळूनही जायचं नाही, कारण कोरड्या वर्षात दोन्ही चाळी छान राहतील आणि यंत्र निरुपयोगी वाटेल.

आणखी एक परीक्षा आहे, तिला काही खर्च नाही. वाक्य एखाद्या शेतकऱ्याला वाचून दाखवा. मग त्याला म्हणा, ‘भाऊ, हे तुमच्या शेजाऱ्याला तुमच्या शब्दांत सांगा.’ आणि ऐका. तो म्हणाला, ‘चाळीत काहीतरी मशीन लावतात,’ तर अडचण पोचलेली नाही. तो म्हणाला, ‘याने कांदा सडत नाही,’ तर धोक्याची घंटा! आपण इशारा विकतोय आणि त्याने इलाज विकत घेतला. पहिल्याच पावसाळ्यात भांडण होणार. आणि तो म्हणाला, ‘कुठला कप्पा बिघडला ते घरबसल्या कळतं, सगळी चाळ फोडायला नको,’ तर त्याचेच शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. ते आपल्या वाक्यापेक्षा आखूड आहेत, आणि तिन्ही जागा त्यात आहेत.

कांद्याची चाळ वर्षातून एकदाच भरते. एप्रिलमध्ये चुकीच्या गिऱ्हाइकाकडे यंत्र बसवलं, तर ते ऑक्टोबरमध्ये कळेल आणि पुढची संधी वर्षभराने येईल. वाक्य मात्र एका दुपारी दहा वेळा चुकवता येतं आणि दहा वेळा दुरुस्त करता येतं, तेही कागदाच्या खर्चात. म्हणून ते फेब्रुवारीत लिहायला घ्यावं, कांदा अजून शेतात असताना.